नवा स्मार्ट टीव्ही सुरू करताना

नवा स्मार्ट टीव्ही पहिल्यांदा सुरू केला की चित्र दिसण्याआधी प्रश्नांची रांग लागते. त्यांतले काही प्रश्न टीव्ही चालण्यासाठी लागणारे असतात: भाषा, देश, वायफाय. बाकीचे, टीव्ही बनवणाऱ्या किंवा त्यातली प्रणाली पुरवणाऱ्या कंपनीला घरातल्यांविषयी काय कळावे, यासंबंधीचे असतात. पडद्यावर दोन्ही प्रकार एकाच रूपात, एकामागून एक येतात. होकाराचे बटण बहुधा आधीच उजळलेले असते. त्यामुळे रिमोटचे मधले बटण दाबत पुढे जाणारा माणूस सगळ्यालाच संमती देऊन बसतो. भारतात सोनी, टीसीएल, शाओमी अशा अनेक कंपन्यांच्या संचांत गूगल टीव्ही ही प्रणाली मिळते, म्हणून इथे तिचाच क्रम घेतला आहे. सॅमसंग आणि एलजी यांच्या प्रणाली वेगळ्या आहेत, पण त्यांचे प्रश्नही बरेचसे याच धर्तीचे असतात.

सुरुवात रिमोट जोडण्यापासून होते. कोणती दोन बटणे एकदम दाबून धरायची ते पडद्यावर दिसते. मग भाषा विचारली जाते. यादीत मराठी असली, तरी मांडणी पुरी होईपर्यंत इंग्रजी ठेवणे सोयीचे असते, कारण अडचण आल्यास ग्राहक सेवा केंद्रातला माणूस इंग्रजी मेनूतलीच नावे सांगतो. भाषा नंतर केव्हाही बदलता येते.

देश किंवा प्रदेश निवडताना टीव्ही ज्या देशात वापरला जाणार तोच निवडावा. या निवडीवर टीव्हीची वेळ, ट्यूनरची पद्धत आणि कोणती अटी-शर्तींची पाने समोर येणार हे ठरते. दुबई किंवा मस्कतमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाने मराठी मालिका मिळाव्यात म्हणून तिथे ‘भारत’ निवडला, तर उपयोग होत नाही. ओटीटी सेवा आपण कुठल्या देशात आहोत हे प्रामुख्याने इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून, म्हणजे आयपीवरून, ओळखतात. ॲपच्या दुकानाचा देश तर टीव्हीवरून नव्हे, गूगल खात्यावरून ठरतो आणि तो वर्षातून एकदाच बदलता येतो. चुकीचा देश निवडला की घड्याळ मात्र चुकू शकते, आणि घड्याळ चुकले की पुढे काय अडते ते साइन इनच्या वेळी दिसते.

यानंतर एक महत्त्वाचा पडदा येतो आणि तोच बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. त्यावर ‘Set up Google TV’ आणि ‘Set up basic TV’ असे दोन पर्याय असतात. दुसरा पर्याय घेतला तर गूगल खाते लागत नाही. सेट-टॉप बॉक्स, डीव्हीडी प्लेअर किंवा बाहेरून जोडलेली स्टिक एचडीएमआयमधून चालते. टीव्हीतली ओटीटी ॲप आणि आवाजाने शोधण्याची सोय मात्र बंद राहते. ज्या घरात फक्त डिशचे चॅनेल पाहिले जातात, तिथे हा पर्याय खरोखर पुरेसा आहे आणि निःसंकोच घ्यावा. पुढे मन बदलले, तर सेटिंग्जमधून पूर्ण गूगल टीव्ही सुरू करता येतो.

पूर्ण मांडणी निवडली की फोनमधून पुढे जायचे की टीव्हीवरच, हे विचारले जाते. फोनचा रस्ता सोपा आहे. गूगल होम ॲपने पडद्यावरचा क्यूआर कोड स्कॅन केला की वायफायचा पासवर्ड आणि खाते फोनवरूनच देता येते. रिमोटने एकेक अक्षर निवडताना पासवर्डमधली लहान-मोठी अक्षरे चुकतात, तो त्रास वाचतो.

वायफायच्या यादीत एकाच घराची दोन नावे दिसतात, उदाहरणार्थ Patil आणि Patil_5G. यातले ‘5G’ म्हणजे मोबाइलचे फाइव्ह-जी नव्हे. ती राउटरची ५ गिगाहर्ट्झची लहर आहे, आणि दुसरी २.४ गिगाहर्ट्झची. पहिली वेगवान असते, पण भिंतीतून जाताना लवकर कमजोर होते. दुसरीचा वेग कमी, पण पल्ला लांब. समजा, पुण्यातल्या एका घरात राउटर दाराजवळ आहे आणि ४३ इंची टीव्ही आतल्या खोलीत, मध्ये विटांच्या दोन भिंती. तिथे टीव्ही Patil_5G ला जोडला आणि चित्र दर काही मिनिटांनी गोल फिरत थांबू लागले, तर दोष इंटरनेट कंपनीचाच असेल असे नाही. त्याच जागी फोन धरून दोन्ही नावांवर वेग मोजावा. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार फुल एचडी चित्राला सेकंदाला ५ मेगाबिट आणि फोर-के चित्राला १५ मेगाबिट वेग लागतो. त्या घरात ५ गिगाहर्ट्झवर वेग कधी ४०, कधी ३ असा झुलत असेल आणि २.४ वर सतत २० मिळत असेल, तर २.४ च घ्यावी. टीव्हीला झुलणाऱ्या मोठ्या वेगापेक्षा सलग मिळणारा मध्यम वेग जास्त मानवतो. राउटर टीव्हीशेजारीच असेल, तर मात्र ५ गिगाहर्ट्झ किंवा सरळ लॅन केबल वापरावी.

जोडणी झाली की टीव्ही बहुतेक वेळा प्रणालीचे अपडेट शोधतो. ते उतरवताना काही शे एमबी डेटा जाऊ शकतो, म्हणून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे काम करताना शिल्लक डेटा पाहून घ्यावा. अपडेट चढत असताना वीज बंद करू नये. लोडशेडिंगची वेळ असेल, तर ती टळल्यावरच हे काम हाती घ्यावे. हा टप्पा वगळू नये. कारखान्यातून निघालेला संच कित्येक महिने गोदामात पडून असू शकतो आणि त्या काळातल्या सुरक्षेच्या दुरुस्त्या या अपडेटमधूनच मिळतात.

आता साइन इन. वायफाय जोडलेले दिसते, पासवर्डही बरोबर आहे, तरी गूगलच्या सर्व्हरशी संपर्क होत नाही असा संदेश येतो, ही नेहमीची अडचण आहे. तिचे कारण पुष्कळदा घड्याळात असते. सुरक्षित जोडणीसाठी सर्व्हर जे प्रमाणपत्र दाखवतो, त्यावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत ते चालेल हे लिहिलेले असते. टीव्हीच्या घड्याळात जुनेच वर्ष असेल, तर ते प्रमाणपत्र त्याला अजून लागू न झालेले वाटते आणि तो जोडणी नाकारतो. टीव्ही वेळही इंटरनेटवरूनच घेतो. राउटरने ती वाट अडवली असेल, तर गाडी तिथेच अडते. खात्री करण्याचा उपाय सोपा आहे. टीव्हीची वीज काढून पुन्हा लावावी आणि फोनच्या हॉटस्पॉटवर साइन इन करून पाहावे. हॉटस्पॉटवर जमले, तर दोष राउटरच्या बाजूला आहे. तिथेही जमले नाही, तर ‘Set up basic TV’ मधून आत जाऊन सेटिंग्जमध्ये तारीख तपासावी.

खाते कोणाचे द्यावे, याचा विचार घरात क्वचितच होतो आणि तो व्हायला हवा. हॉलमधला टीव्ही सगळ्यांचा असतो. घरातल्या एकाचे नेहमीचे खाते त्यावर घातले, की मुलांनी पाहिलेली कार्टून त्याच्या फोनमधल्या यूट्यूबच्या शिफारशींत मिसळतात आणि त्याने शोधलेल्या गोष्टी पाहुण्यांसमोर पडद्यावर येतात. त्या खात्याला कार्ड किंवा यूपीआय जोडलेले असेल, तर रिमोट हाती असलेल्याला खरेदीही करता येऊ शकते. म्हणून टीव्हीसाठी घराचे वेगळे गूगल खाते काढणे चांगले. ते फुकट निघते. त्याला पैसे भरण्याचे साधन जोडू नये, पण पासवर्ड विसरल्यास परत मिळावा म्हणून घरातल्या मोठ्या माणसाचा फोन नंबर जरूर द्यावा. कोणाकडे यूट्यूब प्रीमियम असेल, तर त्याचे खाते नंतर फक्त यूट्यूब ॲपमध्ये वाढवता येते. मुलांसाठी वेगळी प्रोफाइल करता येते. टीव्ही बसवायला आलेल्या तंत्रज्ञाला पासवर्ड सांगू नये, आणि काम लवकर उरकण्यासाठी त्याने स्वतःचे खाते घालण्याची तयारी दाखवली, तरी ते घालू देऊ नये. खाते जोडण्यासाठी किंवा टीव्ही ‘ॲक्टिव्हेट’ करण्यासाठी गूगल पैसे घेत नाही. तशी फी मागणारा फोन किंवा वेबपान फसवणुकीचे असते.

साइन इननंतर वगळण्याजोगे पडदे सुरू होतात. गूगलच्या मूळ अटी मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, पण त्यामागून येणाऱ्या बहुतेक गोष्टी ऐच्छिक असतात. स्थान वापरण्याची परवानगी, वापराची आणि बिघाडाची माहिती कंपनीला पाठवणे, असिस्टंटने खात्यातली वैयक्तिक माहिती पडद्यावर दाखवणे, पैसे भरण्याचे साधन जोडणे, या चारही ठिकाणी ‘Skip’, ‘No thanks’ किंवा ‘Not now’ निवडले तरी चित्रात आणि आवाजात काही फरक पडत नाही. ॲपच्या यादीत बऱ्याच चौकटींवर आधीच खुणा असू शकतात. नको त्या काढाव्यात, कारण अशा टीव्हीत साठवणुकीची जागा अनेकदा ८ किंवा १६ जीबीच असते आणि तिचा मोठा भाग प्रणालीनेच व्यापलेला असतो. कोणत्या ओटीटी सेवा घेतल्या आहेत, हा प्रश्न मात्र निरुपद्रवी आहे. तिथे खूण केल्याने वर्गणी सुरू होत नाही, पहिल्या पडद्यावरच्या शिफारशी तेवढ्या बदलतात.

सगळ्यात लक्ष देऊन वाचावे ते टीव्ही बनवणाऱ्या कंपनीचे संमतिपत्र. त्यात ‘viewing information’, ‘interactive TV’ किंवा ‘interest-based ads’ असे शब्द दिसले, की बहुधा तो पडद्यावरचे चित्र ओळखण्याचा प्रकार असतो. टीव्ही चित्राचे बारीक नमुने घेऊन मोठ्या संग्रहाशी ताडून पाहतो आणि कोणता कार्यक्रम चालू आहे हे ओळखतो. नमुना पडद्यावरून घेतला जात असल्याने, सेट-टॉप बॉक्सवरून लावलेला कार्यक्रमही यातून सुटेलच असे नाही. अमेरिकेत विझिओ या कंपनीने ग्राहकांना न सांगता अशी नोंद घेतल्याचा आरोप झाला आणि २०१७ मध्ये तिने २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवले. हे संमतिपत्र नाकारले, तरी टीव्ही पूर्ववत चालतो. घाईत होकार दिला गेला असेल, तर सॅमसंगमध्ये ‘Viewing Information Services’, एलजीत ‘Live Plus’ आणि सोनीच्या ज्या संचांत ‘Samba Interactive TV’ आहे त्यांत ते, या नावांखाली सेटिंग्जमध्ये ही सोय बंद करता येते.

शेवटी दोन लहान प्रश्न उरतात. टीव्ही घरी वापरायचा की दुकानात, असे विचारले तर ‘Home’ निवडावे. चुकून दुकानाचा पर्याय निवडला गेल्याची खूण सहज दिसते: चित्र डोळ्यांना टोचेल इतके भडक होते, कडेला जाहिरातीची पट्टी येते आणि केलेले बदल थोड्या वेळाने आपोआप पुसले जातात. दुसरा प्रश्न चॅनेल शोधण्याचा. सेट-टॉप बॉक्स एचडीएमआयने जोडलेला असेल, तर चॅनेल त्या बॉक्समध्येच असतात. टीव्हीचा शोध काही मिनिटे चालून रिकाम्या हाताने परततो, म्हणून तो सरळ वगळावा.

इथे वगळलेली प्रत्येक सोय पुढे सेटिंग्जमधून सुरू करता येते. टीव्ही विकताना, बदलून देताना किंवा दुरुस्तीसाठी दुकानात सोडताना मात्र आधी फॅक्टरी रीसेट करावा. नुसती वीज काढल्याने त्यातले गूगल खाते आणि ओटीटी ॲपमधली साइन इन पुसली जात नाहीत.