पिशवीच्या मध्यभागी 17 अंश

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका वहिनींची खानावळ आहे. रविवारी तिथे शंभरावर चिकन थाळ्या जातात. मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी त्या माझ्याकडे आल्या, हातात वहीचा फाडलेला कागद होता. घाऊक चिकन पुरवणाऱ्या शेठना लिहिलेलं पत्र होतं ते. ‘तुमचा माल नेहमीच खराब असतो, आज तर हद्द झाली, पिशव्या गरम होत्या आणि सगळीकडे पाणी गळत होतं, आमच्या गिऱ्हाइकांच्या जिवाशी खेळू नका,’ असा मजकूर. मी काही वर्षं कोंबडी प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम केलं आहे, म्हणून ‘जरा नीट लिहून द्या’ असा त्यांचा आग्रह होता.

राग खरा होता, पण त्या पत्राला शेठ एका वाक्यात उत्तर देऊ शकले असते : ‘आमच्याकडून माल थंडच निघाला होता.’ त्यापुढे वहिनींकडे बोलायला काही उरलं नसतं. ‘गरम’ म्हणजे किती? ‘गळत होतं’ म्हणजे कुठून? आणि ‘नेहमीच’ हा शब्द तर सरळ उलटतो. नेहमीच खराब असतो, तर आजवर घेत का होतात?

सुदैवाने माल अजून टेम्पोतच होता. चालकाला घाई होती. ‘मावशी, मी फक्त पोचवतो, सही द्या,’ असं तो म्हणत होता. मी घरातून थर्मामीटर आणला, टोकाला सळई असलेला, चारेकशे रुपयांत मिळतो तो. आधी पेल्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून त्यात सळई बुडवली, आकडा 0 वर स्थिरावेपर्यंत थांबलो. एवढं केलं की ‘तुमचं यंत्रच चुकीचं असेल’ हा मुद्दा तिथेच मिटतो.

2-2 किलोच्या, करी कट भरलेल्या 12 पिशव्या होत्या. वरून भरपूर बर्फ. हात लावला तर पिशव्या गारच वाटत होत्या आणि चालक नेमकं तेच दाखवत होता. दोन पिशव्यांच्या मध्ये सळई धरली, आकडा आला 9. मग चालकासमोर एक पिशवी उघडून सळई तुकड्यांच्या अगदी मध्यभागी घातली. आकडा चढत चढत 17 वर थांबला. आणखी दोन पिशव्या पाहिल्या. बाहेर 8 आणि 10, आत 16 आणि 18.

थंड करून पुरवलेलं चिकन 5 अंशांच्या आत असायला हवं. त्यामुळे हा माल नाकारायला बाहेरचा 9 हा आकडाही पुरेसा होता. पण चूक कुठे झाली, हे कळतं ते या दोन आकड्यांच्या फरकातून. टेम्पो उन्हात अडकला, बर्फ वितळला, दार उघडं राहिलं, तर उष्णता बाहेरून आत शिरते. अशा वेळी पिशवी बाहेरून गरम आणि आतून त्यामानाने थंड लागते. इथे उलटं होतं. बाहेरून थंड आणि आतून गरम, म्हणजे ऊब आतलीच होती.

जिवंत कोंबडीच्या अंगाचं तापमान सुमारे 41 अंश असतं. कापल्यावर, साफ केल्यावर ती बर्फाच्या पाण्याच्या टाकीत किंवा थंड हवेत ठेवून पूर्ण गार करायची असते, आणि मगच तुकडे करून पिशवीत भरायची. घाईत ही पायरी अर्धवट सोडली आणि तुकडे कोमट असतानाच पिशवीत कोंबले, तर 2 किलोचा तो गोळा स्वतःची ऊब स्वतःच धरून बसतो. वरून कितीही बर्फ टाकला तरी थंडावा मध्यभागी पोचायला तास जातात. म्हणून या पत्रात चालकाला दोष द्यायचा नव्हता, रस्त्यालाही नाही. बोट दाखवायचं होतं ते शेठच्या टाकीकडे.

गळतीचंही असंच बारकाईने पाहावं लागतं. पिशवी ओली असली म्हणजे ती गळतेच असं नाही, बाहेरून वितळलेल्या बर्फाचं पाणीही असतं. पिशवी पुसून कोरड्या कागदावर ठेवायची आणि हलकेच दाबायची. कागदावर गुलाबी डाग उमटला तर पाणी आतलं. त्याला लोक रक्त म्हणतात, पण ते बहुतांशी मांसातलं आणि धुण्याच्या टाकीत शोषलं गेलेलं पाणी असतं, मांसाचा रंग घेऊन उतरलेलं. 12 पैकी 3 पिशव्यांनी कागदावर डाग सोडला. दोन पिशव्यांना तंगडीच्या हाडाच्या तुटक्या टोकाने भोक पडलं होतं आणि एकीची गाठ सैल होती. पिशवी पातळ होती, करी कटसाठी ती जाडच हवी.

आणि हे पाणी गेलं कुठे? त्याच टेम्पोत, खालच्या क्रेटमध्ये वहिनींनी मागवलेली कोथिंबीर होती. गळती गरमपणाइतकीच गंभीर का, ते इथे कळतं. कच्च्या चिकनमध्ये साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात. रश्शात चिकन खदखदून शिजतं, आतपर्यंत 74 अंशांच्या वर जातं आणि हे जंतू मरतात. कोथिंबीर मात्र वरून कच्चीच भुरभुरली जाते. चिकनचं पाणी तिच्यावर पडलं, की चूल त्या जंतूंपर्यंत पोचतच नाही. कोथिंबीर वहिनींनी तिथेच बाजूला काढून टाकली.

‘पण आपण उकळूच ना सगळं?’ असं त्यांच्याकडे काम करणाऱ्या मुलीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. उकळल्याने जंतू मरतात, पण काही जंतू, उदाहरणार्थ स्टॅफिलोकोकस, ऊब मिळाली तर वाढताना विष सोडतात, आणि ते विष उकळूनही टिकतं. 17 अंशांना ही वाढ सावकाश होते, हे खरं. पण चिकन आत्ता 17 वर आहे, म्हणजे त्याआधी ते 25 वर, 30 वर होतं. तिथे ते किती वेळ होतं, हे आपल्याला माहीत नाही. म्हणून ते धुऊन फ्रीझरमध्ये टाकणं हाही उपाय नव्हे. गोठवल्याने बहुतेक जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. आणि धुताना उडणारे शिंतोडे ओट्यावर, भांड्यांवर जातात ते वेगळंच.

चालकाला मी चलनावर लिहू द्यायची विनंती केली. सहीच्या आधी वहिनींनी चलनावर लिहिलं : ‘सकाळी 7.50. पिशव्यांच्या आत 16 ते 18 अंश, 3 पिशव्या गळक्या. संपूर्ण माल नाकारला.’ खाली त्यांची सही, त्याखाली चालकाची. त्याने कुरकुर केली, पण आकडे त्याच्याच डोळ्यांसमोर आले होते. चलनाचा फोटो, थर्मामीटर खुपसलेल्या पिशवीचा फोटो आणि कागदावरच्या डागाचा फोटो काढला. मालविक्रीच्या 1930च्या कायद्यानुसार माल हातात आला म्हणजे तो स्वीकारला असं होत नाही, तपासायची संधी घेणाऱ्याला असते. पण तपासून, काही न कळवता माल ठेवून घेतला किंवा त्यातला अर्धा शिजवला, तर तो स्वीकारल्यात जमा होतो. वहिनींनी दोन पिशव्या जरी वापरल्या असत्या, तरी पत्राचा जोर गेला असता.

मग पत्र लिहायला बसलो. ते असं झालं :

‘प्रति, मालक, यांस.
विषय : चलन क्र. 318, दि. 14 मे, 24 किलो करी कट चिकन नाकारल्याबाबत.
महोदय, आज सकाळी 7.50 वाजता वरील चलनाचा माल आमच्याकडे आला. ठरलेली वेळ 6.30 होती. आपल्या चालकासमोर 3 पिशव्या तपासल्या. बाहेरचं तापमान 8, 9 व 10 अंश, तर आतलं 16, 17 व 18 अंश सेल्सिअस आढळलं. थर्मामीटर त्याआधी बर्फाच्या पाण्यात तपासला होता. 12 पैकी 3 पिशव्या गळत होत्या, 2 हाडाने फाटून व 1 गाठ सुटून. त्या पाण्याने सोबतची कोथिंबीर खराब झाली.
पिशव्या बाहेरून थंड व आतून गरम असल्याने माल पूर्ण थंड होण्याआधी भरला गेला असावा, असं आम्हाला वाटतं. हा माल आम्ही नाकारला असून आपल्या चालकासोबत परत पाठवला आहे. चलनावर दोघांच्या सह्या आहेत.
आमची मागणी अशी : 1) 240 रुपये किलोप्रमाणे 5,760 रुपयांची रक्कम खात्यातून कमी करावी. 2) आज बाजारातून जास्त दराने घेतलेल्या 18 किलोंच्या दरफरकाचे 360 रुपये द्यावेत. 3) यापुढे माल आत 5 अंशांच्या खाली गेल्यावरच भरावा आणि करी कटसाठी जाड पिशवी वापरावी.
दोन दिवसांत लेखी कळवावे. आपली, …’

‘आमच्या जिवाशी खेळू नका’ हे वाक्य मी काढलं, तेव्हा वहिनी नाराज झाल्या. पण आजारी कोणी पडलेलं नव्हतं, आणि जे घडलं नाही त्याचा आरोप पत्रातल्या घडलेल्या गोष्टींनाही कमकुवत करतो. ‘असावा, असं आम्हाला वाटतं’ हे शब्द मात्र मुद्दाम ठेवले. आकडे आमचे होते, कारण हा आमचा अंदाज होता.

पत्रात कायद्याचं नाव घातलं नाही. गरज पडली असती तर ते हाताशी होतं. अन्न सुरक्षा कायदा 2006, कलम 26 : खाद्यपदार्थ दुसऱ्या विक्रेत्याला विकणाऱ्याने त्याच्या दर्जाची लेखी हमी द्यायची असते, आणि वेगळी हमी दिली नसेल तरी त्याचं बिल हीच हमी मानली जाते. म्हणून चिकन घेताना नुसत्या चिठ्ठीवर समाधान मानू नये. रीतसर बिल मागावं आणि त्यावर 14 आकडी परवाना क्रमांक आहे ना, ते पाहावं.

त्या दिवशीची थाळी झाली ती कोपऱ्यावरच्या दुकानातल्या चिकनवर. तेही गरमच होतं, हे वाचणाऱ्याच्या मनात आलं असेल. फरक वेळेचा आहे. ते डोळ्यांसमोर कापलं, आणि तासाच्या आत पातेल्यात गेलं. उबेत ते किती वेळ होतं, हे वहिनींना ठाऊक होतं. शेठच्या पिशवीबद्दल तेच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेठचा फोन आला. शनिवारी रात्री बर्फ कमी पडला, पोरांनी टाकीतून लवकर काढलं, असं त्यांनी सांगितलं. 5,760 रुपये खात्यातून वजा झाले. 360 रुपयांना त्यांनी नकार दिला आणि वहिनींनी ते सोडून दिले. पिशव्या पुढच्या आठवड्यापासून जाड येऊ लागल्या. आता पिशवीच्या मध्यभागी 3-4 अंश येतात. जूनमध्ये एकदा दोन पिशव्या 8 वर होत्या. त्या दोन परत गेल्या, चलनावर एक ओळ लिहिली गेली आणि त्या वेळी पत्र लिहावं लागलं नाही.