‘मी अभ्यासच केला नव्हता’ : तुलनेतून मूल प्रयत्न का सोडतं?

(कारंजा लाड येथे पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

आज आपण एकाच वाक्याबद्दल बोलणार आहोत. पेपर हातात आला, गुण कमी आले, की पोरगं म्हणतं, “मी अभ्यासच केला नव्हता.” आपल्याला राग येतो. आपण म्हणतो, “मग करायचा ना! तुझ्या आत्याच्या पोराकडं पाय जरा.” आमचं म्हणणं असं, की पुष्कळ घरांत मुलाच्या त्या वाक्यामागचं एक मोठं कारण आपलं हे दुसरं वाक्यच असतं.

हे कसं होतं ते एका मुलाच्या गोष्टीतून पाहू. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. मुलगा दहावीत, कारंज्यातच शिकणारा. त्याचा आतेभाऊ त्याच्याच वयाचा, अकोल्याला राहणारा, तिथल्या क्लासला जाणारा. आत्याचा फोन आला की गुणांची चौकशी ठरलेली. बीजगणिताच्या सराव परीक्षेत आतेभावाला 40 पैकी 36, आणि याला 17. घरात दोन दिवस तेवढाच विषय. त्यानंतर त्यानं गणिताचं पुस्तक जवळजवळ उघडलंच नाही. वडील आम्हाला म्हणाले, “इतकं सांगूनही याला लाज वाटत नाही.”

लाज वाटत होती. खरं तर तिच्यापासून वाचायचाच तो प्रयत्न करत होता.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्टिन कव्हिंग्टन यांनी या गोष्टीचा बराच अभ्यास केला. 1979 साली त्यांनी आणि कॅरल ओमेलिक यांनी विद्यार्थ्यांना काही कल्पित प्रसंग दिले. समजा, परीक्षेत अपयश आलं. एका प्रसंगात भरपूर अभ्यास केला होता, दुसऱ्यात फारसा केला नव्हता. कुठे जास्त लाज वाटेल? विद्यार्थ्यांचा कल स्पष्ट होता: भरपूर अभ्यास करूनही आलेलं अपयश सर्वांत जास्त लाजिरवाणं, कारण मग “आपल्यात कुवतच नाही” एवढाच अर्थ उरतो. त्याच विद्यार्थ्यांना शिक्षकाच्या जागी बसवलं, तेव्हा मात्र अभ्यास न करणाऱ्यावर ते जास्त कडक झाले. म्हणून त्यांनी प्रयत्नाला दुधारी तलवार म्हटलं. केला नाही तर मोठी माणसं रागावतात. केला आणि जमलं नाही, तर स्वतःच्याच नजरेत उतरतो.

आता त्या मुलाच्या जागी बसून हिशोब करा. महिनाभर जीव तोडून अभ्यास केला, तर 17 चे 24 होतील. आतेभावाचे 36 आहेत. म्हणजे घरी ऐकायला मिळणार, “एवढं करूनही 12 नी मागंच!” याउलट अभ्यासच केला नाही, तर 17 ला एक कारण तरी मिळतं. आळशी म्हणतील, पण ‘ढ’ तर म्हणणार नाहीत. आळशी माणूस उद्या सुधारू शकतो, ‘ढ’ हा शिक्का पुसत नाही, असं मुलाला वाटतं. तेव्हा तो आळस निवडतो. हे तो मनात ठरवून करतो असं नाही. पुस्तक उघडलं की छातीत धडधडतं, बंद केलं की बरं वाटतं, एवढंच त्याला कळतं.

तुम्ही विचाराल, वर्तमानपत्रात टॉपरचे फोटो येतात, त्यांचा इतका त्रास का होत नाही? कारण तो टॉपर दूरचा असतो. तुलना बोचते ती जवळच्या माणसाशी, बरोबरीच्या वयाच्या आणि आपल्याला ज्या गोष्टीचं महत्त्व वाटतं तिच्यातच. आतेभाऊ लग्नात भेटतो, दिवाळीत भेटतो. हा मुलगा पुढे लग्नाला यायचंही टाळू लागला. भावंडांमधलं प्रेम असं नकळत आटतं.

मग हे ओळखायचं कसं? काही खुणा आहेत. मूल परीक्षेच्या आदल्या रात्रीच पुस्तक काढतं. पेपरच्या आधीच “माझं काही झालं नाही” असं चारचौघांत सांगून ठेवतं. तपासलेला पेपर लपवतं. सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे येत असलेली गणितंही सोडून देतं. पण सावध राहा. अभ्यास टाळण्याचं कारण प्रत्येक वेळी हेच नसतं. फळ्यावरचं दिसत नसेल, वाचायला अडचण असेल, मागच्या इयत्तेचं कच्चं राहिलं असेल, तर ते आधी तपासायला हवं.

त्या मुलाचा पेपर आम्ही त्याच्याबरोबर बसून पाहिला. आतेभावाचं नाव काढायचं नाही, एवढीच अट होती. गेलेले गुण 23. त्यांचे तीन ढीग केले. 5 गुण चिन्हांच्या चुकीनं गेले होते, अधिकाचं उणे झालेलं. 7 गुणांचं त्याला समजलंच नव्हतं, त्यातलं बरंचसं वर्गसमीकरणांवरचं. आणि 11 गुणांची गणितं त्यानं कोरी सोडली होती. त्या अकरापैकी 6 गुणांची गणितं त्यानं तिथेच, आमच्यासमोर, कोणाची मदत न घेता सोडवली. वडील गप्प झाले. आणखी एक गोष्ट निघाली: त्याआधीच्या परीक्षेत त्याला 12 गुण होते. म्हणजे तो 5 गुणांनी पुढे आला होता, आणि घरात ते कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. 36 शेजारी ठेवले की 12 आणि 17 सारखेच दिसतात.

तुलना सोडायची म्हणजे गुण पाहायचेच नाहीत असं नव्हे. 36 हा आकडा मुलाला पुढे काय करायचं ते सांगत नाही. तीन ढीग सांगतात. त्यानं ठरवलं: आठवडाभर वर्गसमीकरणं, रोज चार, प्रत्येक गणितानंतर चिन्हं पुन्हा तपासायची, आणि पेपरात कोरं काही सोडायचं नाही, निदान पहिली पायरी लिहायची.

मग तुलना नेहमीच वाईट का? नाही. नेदरलँड्समधल्या शाळांत 1999 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ज्या मुलांनी स्वतःहून आपल्यापेक्षा थोड्या पुढच्या वर्गमित्राशी तुलना केली, त्यांची पुढची प्रगती चांगली दिसली. फरक इथे आहे: तो मित्र मुलानं निवडला होता, आणि अंतर गाठता येईल असं होतं. “तो हे गणित कसं सोडवतो?” हा मुलाचा प्रश्न असेल तर तुलना कामाची. “तो तुझ्यापेक्षा किती पुढे आहे?” हा आपला प्रश्न असेल तर नाही.

एक गोष्ट गंभीरपणे सांगतो. मूल नीट झोपत नसेल, जेवत नसेल, “मी नसतो तर बरं झालं असतं” असं बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो.

पुढच्या सराव परीक्षेत त्या मुलाला 25 मिळाले. आतेभाऊ अजूनही पुढेच होता. पण या वेळी पेपर त्यानं स्वतःहून आईच्या हातात दिला. आईनं विचारलं, “या वेळी कोरं काही सोडलं का?” तो म्हणाला, “एकच.” आणि कोणतं ते दाखवायला तिच्या शेजारी बसला.