कुटुंबप्रमुख गप्प, विनंती बंद

१ ऑक्टोबर २०२५ पासून आधारवरचा पत्ता बदलण्याचे शुल्क ५० रुपयांवरून ७५ रुपये झाले आणि बातम्या त्या वाढीव २५ रुपयांभोवतीच फिरल्या. खरी मेख दुसरीकडे आहे. विनंती फेटाळली गेली तरी भरलेले पैसे परत मिळत नाहीत. ती फेटाळली गेल्याचे कित्येकदा कळते तेही महिन्या-दोन महिन्यांनी, पासपोर्टचा नाहीतर रेशनकार्डचा अर्ज भरताना जुनाच पत्ता समोर येतो तेव्हा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कुटुंबप्रमुखाच्या आधारे पत्ता बदलण्याच्या सोयीत. ही सोय आधार प्राधिकरणाने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केली. ज्यांच्या नावावर वीजबिल नाही, भाडेकरार नाही, घराचे एकही कागदपत्र नाही, अशांसाठी ती आहे. म्हणजे लग्न होऊन आलेल्या सुना, शिकणारी मुले, मुलाकडे राहायला आलेले आईवडील. कल्पना चांगली आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेली कोणतीही व्यक्ती यात कुटुंबप्रमुख होऊ शकते आणि आपला आधारवरचा पत्ता नातेवाइकाला वापरू देऊ शकते. सातबाऱ्यावर किंवा रेशनकार्डावर पहिले नाव कोणाचे, याला इथे काही महत्त्व नाही.

एक उदाहरण घेऊ. लातूरची मुलगी लग्नानंतर पुण्यात हडपसरला आली. घर सासऱ्यांचे, महावितरणचे बिल सासऱ्यांच्या नावावर, रेशनकार्डावर तिचे नाव अजून माहेरीच. सासऱ्यांना कुटुंबप्रमुख दाखवावे तर त्यांच्याशी नाते सांगणारा कागद तिच्याकडे नाही. विवाह प्रमाणपत्र आहे, पण त्यावर नाव नवऱ्याचे. म्हणून ती नवऱ्याला कुटुंबप्रमुख दाखवते. ३ मार्चला myaadhaar.uidai.gov.in वर आपल्या आधार क्रमांकाने आणि ओटीपीने आत शिरते, नवऱ्याचा आधार क्रमांक टाकते, प्रमाणपत्र जोडते, ७५ रुपये भरते. तिला सेवा विनंती क्रमांक, म्हणजे एसआरएन मिळतो. तिच्या लेखी काम झाले.

प्रत्यक्षात काम इथून पुढे सुरू होते. नवऱ्याच्या मोबाइलवर एक संदेश जातो. त्याने त्याच पोर्टलवर स्वतःच्या आधारने लॉगिन करून विनंती मान्य करायची असते, आणि मुदत ३० दिवसांची. २ एप्रिलपर्यंत त्याने काहीच केले नाही तर विनंती आपोआप बंद होते. नकार देणे आणि काहीच न करणे, दोन्हींचा निकाल एकच. तिला तसा संदेश येतो, पैसे मात्र गेलेले असतात.

नवरा गप्प का बसला, याची कारणे साधी असतात. कर्जाच्या आणि सेलच्या जाहिरातींच्या गर्दीत तो संदेश दिसलाच नाही. दिसला, पण फसवणुकीच्या भीतीने पुसून टाकला. आणि हल्लीच्या दिवसांत त्याला दोष तरी कसा द्यायचा? किंवा त्याच्या आधारला जोडलेला नंबर पाच वर्षांपूर्वीचा, आता बंद पडलेला. अशा वेळी संदेश पोहोचत नाहीच, ओटीपीही येत नसल्याने लॉगिन करून मान्यता देण्याचा रस्ताही बंद. विनंती करण्याआधी कुटुंबप्रमुखाचा मोबाइल क्रमांक तपासून घ्यायचा तो यासाठी. नंबर बदलायला कागदपत्र लागत नाही. आधार केंद्रावर किंवा पोस्टमनकडूनही ते काम होते.

दुसरी गफलत याहून गंमतीची आहे. कुटुंबप्रमुखाचा क्रमांक टाकल्यावर त्याची बाकी कोणतीही माहिती अर्जदाराला पडद्यावर दिसत नाही. खासगीपणाच्या दृष्टीने हे योग्यच. पण नवऱ्याच्या स्वतःच्या आधारवर अजून गावाकडचा पत्ता असेल, तर सगळे सुरळीत पार पडूनही सूनबाईंना हडपसरऐवजी त्या गावचा पत्ता मिळेल. संसार पुण्यात आणि पत्ता तिसरीकडेच! अशा घरात आधी नवऱ्याचा पत्ता बदलायचा, तो बदलल्याची खात्री करायची आणि मगच बायकोची विनंती टाकायची. किंवा ज्यांचा पत्ता मुळात बरोबर आहे त्या सासऱ्यांनाच कुटुंबप्रमुख दाखवायचे. नात्याचा कागद नसेल तर कुटुंबप्रमुखाने प्राधिकरणाच्या ठरावीक नमुन्यात लिहून दिलेले स्वयंघोषणापत्र चालते. ही तरतूद पहिल्यापासून आहे.

नवऱ्याने मान्यता दिली म्हणजे पत्ता बदलला, असेही नाही. त्यानंतर कागदपत्रांची छाननी होते आणि तिथेही विनंती परत फिरू शकते. प्रमाणपत्रावर लग्नानंतरचे नाव आणि आधारवर माहेरचे असेल, स्कॅन पुसट असेल किंवा दोन पानांपैकी एकच जोडले असेल, तर अडचण ठरलेली.

मग निकाल पाहायचा कुठे? त्याच संकेतस्थळावर नोंदणी आणि अद्ययावतीकरणाची स्थिती पाहण्याचे वेगळे पान आहे. तिथे एसआरएन आणि पडद्यावरची अक्षरे टाकली की स्थिती दिसते, ओटीपी लागत नाही. काम आधार केंद्रावर केले असेल तर पावतीवरचा यूआरएन किंवा नोंदणी क्रमांक टाकायचा. १९४७ या टोल फ्री क्रमांकावरही विचारता येते. हडपसरच्या उदाहरणात तिने आठवड्याभरात एकदा स्थिती पाहिली असती, तर विनंती नवऱ्यापाशीच अडली आहे हे तिला कळले असते आणि स्वयंपाकघरातून हाक मारून काम झाले असते. पूर्ण झाल्याचे दिसले तरी ई-आधार नव्याने उतरवून त्यावरचा पत्ता वाचावा. मोबाइलमध्ये साठवलेली जुनी फाइल आपोआप बदलत नाही.

बँकेचा हिशेब वेगळा. आधारवर पत्ता बदलला म्हणून पासबुकावर तो बदलत नाही, तिथे स्वतंत्रपणे कळवावे लागते. उलट केवळ पत्ता बदलला असेल तर रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसार ग्राहकाचे स्वयंघोषणापत्र पुरते. बँकेने दोन महिन्यांत त्या पत्त्याची खातरजमा करायची असते. खातरजमेचा एक मार्ग म्हणजे नव्या पत्त्यावर पत्र पाठवणे. दारावर नावाची पाटी नाही म्हणून ते पत्र परत गेले, की बदल तिथेच अडकू शकतो. त्यामुळे दोन महिन्यांनी नेट बँकिंगच्या प्रोफाइलमध्ये किंवा खात्याच्या उताऱ्यावर छापलेला पत्ता पाहणे भाग आहे.

याच रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये बँकांना बजावले की, केवायसीची मुदत संपण्याआधी किमान तीन आणि संपल्यावरही किमान तीन सूचना द्या, आणि दोन्ही वेळा त्यातली किमान एक सूचना पत्राने द्या. ज्याचा पत्ता बदललेला आहे त्याचे पत्र जुन्याच घरी जाणार, हा विनोद सोडून देऊ. तरी ग्राहकाला किती वेळा सांगायचे याचा आकडा निदान ठरला. कुटुंबप्रमुखाच्या तीस दिवसांसाठी असाच आकडा का नसावा? पंधराव्या आणि पंचविसाव्या दिवशी अर्जदार आणि कुटुंबप्रमुख दोघांनाही आठवण गेलीच पाहिजे, असे बंधन आधार प्राधिकरणाने स्वतःवर घालून घ्यावे. केवळ घरातले कोणी उत्तर दिले नाही म्हणून बंद पडलेल्या विनंतीचे ७५ रुपये पुढच्या विनंतीसाठी धरावेत, ही मागणीही अवास्तव नाही.