टोपीची सावली नुसती काळी नसते

पदवीदानाचा समारंभ आटोपला की सगळे बाहेर हिरवळीवर येतात आणि ऐन उन्हात फोटो निघतात. चौकोनी टोपीची फळी कपाळापुढे आलेली असते, त्यामुळे नाकापर्यंतचा चेहरा काळवंडलेला आणि हनुवटी मात्र लख्ख. आपल्याला वाटतं, तेवढाच भाग उजळ केला की झालं. करून बघा, चेहरा उजळतो, पण राखेसारखा दिसतो.

सावलीत ऊन पोहोचत नाही, तरी निळ्या आभाळाचा उजेड पोहोचतोच. म्हणजे सावलीचा तो पट्टा चक्क दुसऱ्याच दिव्याखाली असतो! समजा, उन्हातल्या गालाचे लाल, हिरवा आणि निळा हे आकडे २२५, १८० आणि १५५ आहेत. सावलीतल्या त्याच कातडीचे ९२, ७८ आणि ७६ येऊ शकतात. लाल निम्म्याहूनही खाली कोसळला, निळा त्या मानाने तगला. म्हणून कर्व्ह्जमध्ये लाल वाहिनी सगळ्यात जास्त उचलायची, हिरवी त्याहून थोडी कमी आणि निळी सगळ्यात कमी. हा बदल वेगळ्या लेअरवर करायचा आणि मास्क लावून तो सावलीपुरताच ठेवायचा.

खरी गंमत सावलीच्या कडेला आहे. सूर्य म्हणजे बिंदू नव्हे, आभाळात त्याची तबकडी सुमारे अर्धा अंश रुंद दिसते. त्यामुळे सावलीची कड जरा पुसट होते आणि हा पुसटपणा साधारण अंतराच्या १०८व्या भागाइतका असतो. फळीची कड गालापासून १० सेंटिमीटरवर असेल तर जेमतेम एक मिलिमीटर, २० वर असेल तर दोन. ऊन तिरपं पडलं तर आणखी जास्त. मास्कची कड सगळीकडे सारखीच मऊ केली, तर कुठे उजळ तर कुठे काळी रेघ उरते, आणि फोटोत हात फिरवल्याचं त्या रेघेवरूनच कळतं.

त्यात कातडीचीही एक खोडी आहे. उजेड तिच्या आत शिरतो, थोडा पसरतो आणि बाजूने बाहेर येतो. लाल रंग सगळ्यात लांब जातो. म्हणून फोटो मोठा करून पाहिला तर सावलीच्या काठाला तांबूस झाक दिसते. ती वेगळ्या लेअरवर, हलक्या ब्रशने थोडी कमी करावी लागते.

सावली पुरती घालवू नये, असं माझं मत आहे. टोपी डोक्यावर आणि कपाळावर सावलीच नाही, तर टोपी हवेत तरंगल्यासारखी वाटते. डोळे नीट दिसू लागले की थांबावं. शिवाय जेपेग फाइलमध्ये गडद भागाचा तपशील मुळातच तुटपुंजा असतो. फार ओढलं की कातडीवर ठिपके उमटतात.

तेव्हा पुढच्या समारंभाला फोटोग्राफरला रॉ फाइल ठेवायला सांगा, आणि जमलं तर इमारतीच्या सावलीत उभे राहा.