पाच मिनिटांत एकच प्रसंग

टोस्टमास्टर्स क्लबातल्या ‘आइसब्रेकर’ भाषणाला ४ ते ६ मिनिटे मिळतात. चौथ्या मिनिटाला हिरवा, पाचव्याला पिवळा, सहाव्याला लाल दिवा. मिनिटाला शंभर शब्द धरले, तर पाच मिनिटांत जेमतेम पाचशे शब्द. गाव, शिक्षण, नोकरी, छंद हा बायोडेटा त्यात मावतो खरा, पण श्रोत्याच्या लक्षात काहीच राहत नाही. म्हणून एकच प्रसंग निवडावा. समजा, गाव सोडून पुण्यात काढलेला पहिला महिना: अर्ध्या मिनिटात थेट भाड्याच्या खोलीच्या दारात सुरुवात, साडेतीन मिनिटे प्रसंग, उरलेल्या मिनिटात त्यातून घडलेला आजचा माणूस. ओळख अपुरी राहते, हा आक्षेप रास्तच. पण राहिलेली माहिती श्रोते नंतर आपणहून विचारतात. सरावात घड्याळ सहाच्या पुढे गेले, तर शेवट घाईने उरकू नये, मधला तपशील कापावा.