लांबी, जुनेपण आणि दरवळ : बुलढाण्याच्या बाजारातील तांदळाची पारख

बुलढाणा जिल्हा हा कापूस, सोयाबीन आणि तुरीचा मुलूख असून धान हे येथील मुख्य पीक नाही. त्यामुळे खामगाव, मलकापूर, चिखली किंवा मेहकरच्या किराणा दुकानात मिळणारा तांदूळ बहुतांशी बाहेरून येतो. त्यातला रोजच्या जेवणातला पूर्व विदर्भातून, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूर या धानाच्या पट्ट्यातून येतो आणि सणासुदीचा बासमती उत्तर भारतातून येतो. ज्या भागात धान पिकते तेथील ग्राहकाला शेत आणि गिरणी दोन्ही ठाऊक असतात. बुलढाण्याच्या ग्राहकापुढे मात्र फक्त पोते आणि त्यावरचे नाव असते, आणि म्हणूनच दाण्यावरून तांदूळ ओळखता येणे हे येथे इतर ठिकाणांपेक्षा अधिक गरजेचे ठरते.

‘बासमती’ हे नाव वाटेल त्या लांब दाण्याला लावता येत नाही. या तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशात पिकलेल्या मालालाच ते नाव वापरण्याचे कायदेशीर संरक्षण मिळाले, आणि त्या प्रदेशात पंजाब, हरियाणा, दिल्ली, हिमाचल प्रदेश, उत्तराखंड, पश्चिम उत्तर प्रदेश व जम्मूचा काही भाग एवढेच येतात. महाराष्ट्र त्यात नाही. त्यापुढे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने बासमतीसाठी स्वतंत्र मानके ठरवली आणि ती १ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाली. त्यांनुसार बासमतीचा सुगंध नैसर्गिकच असावा लागतो, आणि कृत्रिम रंग, चकाकीसाठी लावलेले पदार्थ किंवा वरून मारलेला वास चालत नाही.

दाण्याच्या मापाची कसोटी घरच्या घरी लावता येते. निर्यातीच्या नियमांत कच्च्या बासमतीची सरासरी लांबी किमान ६.६१ मिलिमीटर, लांबी व रुंदीचे गुणोत्तर किमान ३.५ आणि शिजल्यावर लांबीत होणारी वाढ किमान १.७ पट अशी अट आहे. ती तपासण्यासाठी दोन्ही टोके शाबूत असलेले दहा दाणे निवडून ते मोजपट्टीलगत टोकाला टोक लावून ठेवावेत आणि नंतर तेच दाणे शेजारी शेजारी आडवे लावून एकूण रुंदी मोजावी. समजा, पहिल्या मापात ७० मिलिमीटर आणि दुसऱ्या मापात १८ मिलिमीटर आले, तर एका दाण्याची लांबी ७ आणि रुंदी १.८ मिलिमीटर, म्हणजे गुणोत्तर ३.९ च्या आसपास पडते, आणि येथवर माल उत्तीर्ण होतो. मात्र येथेच थांबल्यास फसगत होते, कारण ‘शरबती’सारखे बासमती नसलेले लांब दाण्याचे तांदूळही कच्च्या मापात बासमतीच्या जवळ जाऊ शकतात. खरा फरक शिजवल्यावर दिसतो. तेच दाणे अर्धा तास भिजवून भरपूर उकळत्या पाण्यात सुमारे दहा मिनिटे, मधला कच्चा ठिपका जाईपर्यंत शिजवावेत आणि पुन्हा मोजावेत. दहा दाण्यांची लांबी १२६ मिलिमीटर भरली, तर वाढ १.८ पट झाली. ती ९८ मिलिमीटरवरच थांबली आणि दाणा मात्र आडवा फुगला, तर वाढ १.४ पटच झाली आणि बासमतीच्या भावाने दुसराच तांदूळ पदरात पडल्याचा दाट संशय घ्यावा.

तरीही लांबी म्हणजे सुगंध नव्हे, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. शिजल्यावर विलक्षण लांब होणारा ‘पुसा बासमती ११२१’ हा बासमतीच आहे, पण १९३० च्या दशकातल्या जुन्या ‘बासमती ३७०’ या वाणाचा दाणा त्याच्यापेक्षा आखूड असूनही वासाला सरस मानला जातो. दुकानात सर्वांत लांब दाण्यालाच सर्वांत उत्तम समजण्याची सवय म्हणूनच चुकीची आहे.

देशी सुगंधी वाणांच्या बाबतीत तर लांबीची कसोटी पूर्णपणे बाजूला ठेवावी लागते. पुणे जिल्ह्याच्या मावळपट्टीतील आंबेमोहोराचा दाणा आखूड व काहीसा रुंद, साधारण साडेपाच मिलिमीटरचा असतो आणि भरडताना तो सहज तुटतो. पूर्व विदर्भाशेजारच्या बालाघाट जिल्ह्यात २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला आणि भंडारा-गोंदियाकडेही पिकणारा चिन्नोरही लहान दाण्याचाच आहे. आंबेमोहोराचे पीक थोडे आणि भाव चढा असल्याने ‘जीराशंकर’सारखे दिसायला जवळचे तांदूळ त्याच्या नावाने विकले जातात. अशा वेळी एकसारखा, कणीविरहित, चकचकीत ‘आंबेमोहोर’ स्वस्तात मिळत असेल, तर तोच शंकेचा मुद्दा समजावा. याउलट चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे शेतकरी दादाजी खोब्रागडे यांनी निवडपद्धतीने विकसित केलेला ‘एचएमटी’ हा बारीक दाण्याचा, खायला उत्तम तांदूळ आहे. पण त्याच्यावर सुगंधी वाणाचा भाव लावला जाऊ नये.

सुगंधाचे मुख्य कारण ‘२-असिटाइल-१-पायरोलीन’ हे संयुग असून ते दाण्याच्या आतच तयार होते, त्यामुळे खरा वास शिजताना वाढतो. पोते उघडताच घमघमाट सुटला, पण दोनदा धुतल्यावर वास पाण्यासोबत गेला आणि भातात काहीच उरले नाही, तर तो वरून लावलेला असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून मूठभर तांदूळ कोमट पाण्यात धुऊन, झाकण ठेवून शिजवावा आणि झाकण काढताच येणारी वाफ हुंगावी.

जुनेपणाचा प्रश्न याहून नाजूक आहे. साठवणीत दाण्यातील स्टार्च व प्रथिनांमध्ये बदल होऊन दाणा कठीण होतो, पाणी अधिक शोषतो, चिकटत नाही आणि अधिक लांब होतो. त्यामुळे पुलावाचा बासमती वर्ष-दोन वर्षे जुना असावा, असे मानले जाते. मात्र याच काळात सुगंधाचे संयुग उडून जात असते. मोकळेपणा आणि दरवळ हे असे एकमेकांच्या विरुद्ध दिशेने जातात, म्हणून मऊ भातासाठी घ्यायचा आंबेमोहोर किंवा चिन्नोर ताजा, त्याच हंगामातला असलेला बरा. नवा तांदूळ पांढराशुभ्र दिसतो, त्याची पेज दाट निघते आणि भात गिचका होतो, तर जुन्या दाण्याला किंचित पिवळसर छटा येते. पण उकडून वाळवलेल्या ‘सेला’ तांदळालाही पिवळी झाक असते, त्यामुळे केवळ रंगावरून वय ठरवणे धोक्याचे असते.

विश्वासू विक्रेता त्याच्या बोलण्यावरून नव्हे, तर उत्तरांवरून ओळखावा. वाण कोणता, पीक कोणत्या हंगामाचे आणि गिरणी कोणत्या गावची, या तीन प्रश्नांची उत्तरे जो देतो आणि शंभर ग्रॅम नमुना घरी शिजवून पाहू देतो, तो दुकानदार जपावा. ‘स्पेशल’ आणि ‘एक नंबर’ यापलीकडे ज्याला सांगता येत नाही, त्याच्याकडून वर्षभराचे पोते भरू नये. बंद पिशवीवर चौदा अंकी अन्न परवाना क्रमांक, पॅकिंगची तारीख आणि तांदळाचे नाव पाहावे. आंबेमोहोर किंवा चिन्नोर हवा असल्यास कृषी विभागाच्या ‘आत्मा’ यंत्रणेतर्फे भरणाऱ्या धान्य महोत्सवांत शेतकरी गट थेट विक्री करतात. तेथे घेतलेला माल कोणी पिकवला, हे निदान विचारता येते.

एवढे करूनही संशय उरलाच, तर बिल जपून ठेवावे व अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात तक्रार करावी. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार खरेदीच्या वेळी विक्रेत्याला तसे कळवून, शुल्क भरून कोणताही ग्राहक अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो, आणि अहवालात माल कायद्याशी विसंगत आढळल्यास ते शुल्क ग्राहकाला परत मिळते.