वाचनयादी लावताना

दलित आत्मकथनांच्या अभ्यासक्रमाची यादी घ्या. वर ‘दया पवार – बलुतं’, खाली ‘बलुतं (पवार द.)’: एकच पुस्तक दोनदा, आणि साच्यातल्या फरकामुळे ते लक्षातही येत नाही. सगळ्या नोंदी एकाच घडणीच्या केल्या, म्हणजे ‘पवार, दया. बलुतं. ग्रंथाली, १९७८’ अशा, की दुबार नोंद लगेच उघडी पडते. मात्र वर्गात नंतरची आवृत्ती वापरणार असाल तर साल तिचंच द्यावं. नाहीतर पृष्ठांक जुळत नाहीत. अनिवार्य विभागात तेवढंच, ज्याच्याविना तासाची चर्चा अडेल, तेही शिकवण्याच्या क्रमाने. पूरक विभाग आडनावांनुसार. पूरक कुणी वाचत नाही, हा आक्षेप बराचसा खरा. पण सगळंच अनिवार्य केलं तर विद्यार्थी स्वतःच चाळणी लावतात, आणि बहुधा जाड पुस्तक आधी गळतं. त्यापेक्षा पूरक नोंदीपुढे ती का वाचावी हे सांगणारी ओळ जोडावी; बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’पुढे ‘बाईच्या नजरेतून महारवाडा’ एवढीही पुरे.